खिदमत की मदत? मराठवाड्यातल्या देवाच्या जमिनीची गोष्ट

मागच्या महिन्यात रेणापूरला तरुणांच्या बैठकीत मी देवस्थान इनाम जमिनींचा विषय काढला, तेव्हा एका कार्यकर्त्याने सरळ विचारले, "ताई, आपण 1956 ला देव सोडला. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मग देवाच्या जमिनीशी आपले काय देणेघेणे? ज्यांचा देव आहे त्यांनी बघावे." टाळ्या पडल्या. प्रश्न रास्त होता, आणि त्या दिवशी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

थोडक्यात सांगायचे तर, देव आपण सोडला, पण जमीन देवाची कधी नव्हतीच. ती गावाच्या महसुलातून निघालेली होती. ती कसली कोणी, राखली कोणी आणि शेवटी कोणाच्या घशात गेली, हा देवधर्माचा प्रश्न नाही, हा जमिनीचा प्रश्न आहे. आणि जमिनीचा प्रश्न आपण कधी सोडलेला नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964-65 चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यात आपल्या आज्याआजोबांनी तुरुंग भोगला तो जमिनीसाठीच.

आधी ही जमीन आली कुठून ते पाहू. 1948 पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. राज्यकर्त्याने एखाद्याला जमीन, किंवा जमिनीचा सारा, बक्षीस किंवा मोबदला म्हणून तोडून देणे म्हणजे इनाम. हैदराबादच्या दप्तरात अशा देणग्यांना 'अतियात' म्हणत. अतियातीचे प्रकार पुष्कळ होते, पण आपल्याला दोनच समजून घ्यायचे आहेत. पहिला 'मदतमाश'. 'माश' म्हणजे उपजीविका. एखाद्या माणसाला, त्याच्या घराण्याला, पोटापाण्यासाठी मदत म्हणून दिलेली जमीन ती मदतमाश. दुसरा 'खिदमतमाश'. खिदमत म्हणजे सेवा. देवळातली पूजाअर्चा, दिवाबत्ती, नगारा, उरुसाची व्यवस्था, मशिदीतली अजान, अशी काही एक सेवा चालू राहावी म्हणून त्या सेवेला लावून दिलेली जमीन ती खिदमतमाश. मंदिरांना ती होती तशीच दर्ग्यांना आणि मशिदींनाही होती. निजाम मुसलमान होता म्हणून मंदिरांना काही नव्हते, किंवा आता मंदिरांचेच लुटले जाते आणि दर्ग्यांचे शाबूत आहे, असे जे कोणी सांगते त्याने एकदा तहसीलचे इनाम रजिस्टर उघडून बघावे. दोन्हीकडे देणगीचा साचा एकच आणि लुटीचा साचाही एकच.

मदतमाश आणि खिदमतमाश यांच्यातला फरक कागदावर एका शब्दाचा आहे, आणि माझ्या या लेखाचा सगळा भार त्याच एका शब्दावर आहे. मदतमाश माणसाला मिळते. खिदमतमाश कामाला मिळते. मदतमाशचा मालक म्हणून माणूस उभा राहू शकतो. खिदमतमाशमध्ये माणूस हा फक्त काम करणारा. पूजा करतो तोवर त्याने जमिनीचे उत्पन्न खावे. जमीन त्याची नाही, आणि तो ती विकूही शकत नाही, कारण जी वस्तू आपली नाही ती विकणार कशी?

निजामाच्या राज्यात या सगळ्यावर देखरेख नव्हती असे समजू नका. धर्मादाय कारभारासाठी 'उमूर-ए-मजहबी' नावाचे स्वतंत्र खाते होते. फसली 1349 म्हणजे इसवी सन 1939-40 च्या सुमारास धर्मादाय मालमत्तांचे नियम झाले आणि प्रत्येक संस्थेची नोंद 'किताब-उल-औकाफ' या नोंदवहीत करायची असे ठरले. शेजारच्या तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिराचा कारभार निजाम सरकारने 1909 च्या 'देऊल-ए-कवायत' या नियमावलीने बांधून दिला होता. तेव्हा सरकारने मंदिराच्या कारभारात हात घालणे ही काही स्वतंत्र भारतातल्या 'निधर्मी' सरकारने काढलेली नवी टूम नाही. राजे-महाराजे, पेशवे, निजाम, इंग्रज सगळ्यांनी ते केले आहे. कारण साधे आहे. जिथे सारा माफ केला जातो तिथे हिशेब विचारला जातो.

आणि सारा माफ करणे म्हणजे काय, हेही लक्षात घ्या. गावचा कुणबी, महार, मांग, चांभार राबून जे पिकवतो त्यातला सरकारचा हिस्सा सरकार घेत नाही, तो देवळाकडे वळवते. म्हणजे देवळाच्या दिव्यातले तेल हे राजाच्या खिशातले नव्हते. ज्या महाराला देवळाच्या पायरीला शिवायची मुभा नव्हती, त्याच्या घामातूनही तो दिवा जळत होता. म्हणून मी म्हणते की आपले देणेघेणे आहे.

आता 1948 नंतरची गोष्ट. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या. 1950 मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला. 1952 मध्ये अतियात चौकशीचा कायदा आला, ज्यात कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे, वारस कोण, याची चौकशी अतियात न्यायालयाने करायची होती. आणि मग आला 'हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करणे अधिनियम, 1954'. नावावरून वाटेल की सगळी इनामे गेली. गेली नाहीत. मदतमाश वगैरे वैयक्तिक इनामे रद्द झाली, जमिनी सरकारकडे आल्या आणि पुढे धारकांना अटींवर परत मिळाल्या. पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामे या कायद्याने वगळली. खिदमतमाश जमीन जशीच्या तशी राहिली.

पश्चिम महाराष्ट्रातही वेगळे घडले नाही. तिथे 1952 च्या कायद्याने वैयक्तिक इनामे रद्द झाली, देवस्थान इनाम वगळले गेले. तिकडच्या सरकारी दप्तरात इनामांची वर्गवारी आहे. देवस्थान इनाम हा वर्ग 3 आणि महार वतन हा वर्ग 6-ब. एकाच वर्गवारीतल्या या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. दोन्ही सेवेची इनामे. एकात देवाची सेवा, दुसऱ्यात गावाची आणि सरकारची सेवा. बाबासाहेबांना वतन ही महारांच्या पायातली बेडी वाटत होती, कारण त्या तुकडाभर जमिनीच्या बदल्यात चोवीस तास राबवून घेतले जात होते. म्हणून 19 मार्च 1928 ला त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते त्यांना शेवटी मागे घ्यावे लागले. महार वतन प्रत्यक्षात रद्द झाले ते 1958 च्या कायद्याने, तेही जमीन परत हवी तर आकाराच्या तिप्पट रक्कम भरा आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकू नका, या अटीवर. महारकी गेली हे उत्तमच झाले. पण प्रश्न असा की सेवेची इनामे सरंजामी आहेत म्हणून मोडायची होती, तर गावाच्या सेवेचे इनाम तेवढे सरंजामी आणि देवाच्या सेवेचे पवित्र, हा निवाडा कोणत्या न्यायाने झाला?

सूट इथेच थांबली नाही. 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व कूळ कायद्याने आणले. कुळाने ठरलेली किंमत भरून जमिनीचा मालक व्हावे, हा त्याचा गाभा. पण सार्वजनिक उपासनेच्या संस्थांच्या जमिनींना यातून सूट मिळाली. मुंबईच्या कूळ कायद्यात ती कलम 88-ब मध्ये आहे आणि आपल्याकडच्या हैदराबाद कूळ कायद्यातही तशीच सूट घातली गेली. म्हणजे पाटलाची जमीन तीस वर्षे कसणारा कूळ कागदोपत्री तरी मालक होऊ शकत होता. देवाची जमीन तीन पिढ्या कसणारा मात्र होऊ शकत नव्हता. देवाची जमीन कसणारा बहुतेक वेळा बटईदार किंवा सालगडी, त्याचे नाव पीकपाहणीलाही लागू दिले जात नसे. तो बहुतेक कोणत्या वस्तीतला होता, हे मराठवाड्यातल्या वाचकाला मी सांगायला नको.

आता माझ्या पाहण्यातले एक प्रकरण सांगते. गावाचे, देवळाचे, माणसांचे नाव देत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही. गाव रेणापूर तालुक्यातले आहे एवढे पुरे. (रेणुकामातेच्या देवस्थानाबद्दल मी बोलत नाही, उगाच कोणी तसा अर्थ काढू नये.) गावात मारुतीचे देऊळ. देवळाला साडेचौदा एकर जमीन. ती जमीन आमच्याच समाजातल्या एका घराने पिढ्यान्‌पिढ्या बटईने केली. चार वर्षांपूर्वी त्यांना सांगण्यात आले की जमीन विकली गेली, उद्यापासून शेतात पाय ठेवू नका. घेणारा बाहेरचा, रस्त्याच्या कडेला प्लॉट पाडणारा.

ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात फक्त ताजा सातबारा होता. त्यावर कब्जेदार म्हणून पुजाऱ्याच्या तीन नातवांची नावे आणि भोगवटादार वर्ग दोन. मारुतीचे नाव कुठेच नव्हते. एका सातबाऱ्यावरून काही कळत नाही, हा पहिला धडा. मग आम्ही जुन्या सातबाऱ्यांच्या नकला मागवल्या आणि मागे मागे जात राहिलो. सर्वांत जुन्या सातबाऱ्यात कब्जेदाराच्या रकान्यात 'श्री मारुती देवस्थान, वहिवाटदार अमुक' असे होते. वहिवाटदार म्हणजे फक्त कारभार बघणारा. पुढच्या एका फेरफारात 'वहिवाटदार' हा शब्द गळला आणि देवस्थान व पुजारी अशी दोन नावे शेजारी शेजारी आली, जणू दोघे भाऊ. त्यानंतर पुजारी वारला, वारसांची नावे लागली, आणि त्याच फेरफारात देवस्थानाचे नाव कब्जेदाराच्या रकान्यातून इतर हक्काच्या रकान्यात गेले. शेवटी एका आदेशाचा हवाला देऊन इतर हक्कातूनही ते कमी झाले. चार पावलांत देव शेतातून बाहेर. एकाही पावलावर आरडाओरड झाली नाही, कारण प्रत्येक पाऊल लेखणीच्या टोकाएवढे होते.

तो शेवटचा आदेश काय होता? त्यात म्हटले होते की सदर जमीन मदतमाश असल्याने 1954 च्या कायद्याने इनाम खालसा झालेले आहे, म्हणून ती धारकाच्या नावे करावी. 'खालसा' म्हणजे इनाम संपून जमीन सरकारी साऱ्याखाली येणे. जमीन खरेच मदतमाश असती तर आदेश बरोबरच होता. म्हणून सगळे येऊन थांबले एका प्रश्नावर, की मूळ देणगी खिदमत होती की मदत?

याचे उत्तर एकाच कागदात मिळते. त्याचे नाव 'मुंतखब'. इनामाची चौकशी झाल्यावर हैदराबाद सरकार जो निर्णयाचा उतारा देई तो मुंतखब. त्यात कोणाला, कुठे, किती जमीन, कशासाठी आणि कोणत्या शर्तीवर, हे लिहिलेले असते. अडचण अशी की तो उर्दूत असतो. आमच्या तालुक्यात उर्दू वाचणारे किती? ज्या कागदावर जमिनीचे भवितव्य, तो कागद ना पुजाऱ्याला वाचता येतो, ना कसणाऱ्याला, ना तलाठ्याला. मग जो म्हणेल 'यात मदतमाश लिहिले आहे' त्याचे खरे. आम्ही लातूरच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी चष्मा वर केला, कागद खिडकीशी धरला, आणि बोटाने एका जागी थांबून म्हणाले, "बेटा, हे बघ. ब-शर्ते खिदमत." सेवेच्या शर्तीवर. त्याखाली मारुतीच्या देवळाची दिवाबत्ती आणि पूजा. मदतीचा उल्लेख नाही. चहा घेतल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडले नाही, आणि मुंतखबाचे भाषांतर करून सही करून दिले ते फुकट.

आता या एका शब्दाची किंमत किती ते हिशेबाने पाहू. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने 1954 च्या कायद्यात दुरुस्ती करून मराठवाड्यातल्या मदतमाश जमिनी बाजारमूल्याच्या 5 टक्के नजराणा भरून वर्ग एक करून घेण्याची सोय केली. वर्ग एक म्हणजे विकायला मोकळी. ज्या हजारो सामान्य शेतकऱ्यांनी अशा जमिनी पूर्वीच विकत घेऊन त्यावर घरे बांधली, शेती केली, त्यांच्यासाठी ही सवलत योग्य आहे असे माझेही मत आहे. पण समजा एकरी भाव 10 लाख आहे. साडेचौदा एकरांचे झाले 1 कोटी 45 लाख. खिदमतमाश असेल तर ही जमीन विकताच येत नाही. मदतमाश ठरली तर 7 लाख 25 हजार भरून पूर्ण मोकळी. उरलेले 1 कोटी 37 लाख 75 हजार म्हणजे 'खिदमत' पुसून 'मदत' लिहिण्याचे मोल. एवढ्या मोलाचा शब्द पुसला गेला नाही तरच नवल. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या देवस्थानांच्या इनाम जमिनी अशाच खालसा दाखवून हडपल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि गुन्हेही दाखल झाले.

कायदा या बाबतीत गोंधळलेला नाही, हे मुद्दाम सांगते. मूर्ती ही कायद्याच्या नजरेत एक 'व्यक्ती' आहे, तिच्या नावावर मालमत्ता राहू शकते, हे इंग्रजांच्या काळापासून न्यायालये मानत आली आहेत. पण ती व्यक्ती कायम अज्ञान, म्हणजे लहान मुलासारखी, तिचे हित दुसऱ्याने जपायचे. 6 सप्टेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की मंदिराच्या जमिनीची मालक देवता आहे, पुजारी हा केवळ व्यवस्था पाहणारा, आणि महसुली नोंदीत मालकाच्या जागी पुजाऱ्याचे नाव असण्याचे कारण नाही. आपल्या मारुतीच्या प्रकरणाला हा निकाल तंतोतंत लागू पडतो.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो सर्वोच्च न्यायालयाचा 1956 चा निकाल, देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर. मंदिर खासगी की सार्वजनिक हा वाद होता. न्यायालयाने म्हटले की मालमत्ता मूर्तीच्या नावे असली तरी तिचा खरा लाभधारक दगडाची मूर्ती नसते, खरे लाभधारक ते उपासक असतात, आणि उपासक जर ठरावीक घराण्यापुरते नसून सर्वसाधारण लोक असतील तर ते मंदिर सार्वजनिक. देव जेवत नाही, देवाला जमीन लागत नाही, हे आपण नेहमी म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने तेच कायद्याच्या भाषेत म्हटले आहे. आणि योगायोग पाहा, ते साल 1956.

सार्वजनिक ठरले की मंदिर येते 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. मुंबई राज्याचा हा कायदा पुढे मराठवाड्यालाही लागू झाला. या कायद्याविरुद्ध तेव्हा ओरड झाली होती की हा धर्मात हस्तक्षेप आहे. 1954 मध्ये रतिलाल गांधी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने काही कलमे रद्द केली, पण मूळ तत्त्व कायम ठेवले. पूजा कशी करायची हा धर्माचा विषय, पण मालमत्तेचा कारभार कसा करायचा हा कायद्याचा विषय. घटनेची कलमे 25 आणि 26 नीट वाचली तर ही रेघ तिथेच सापडते. या कायद्याच्या कलम 36 नुसार विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही, आणि शेतजमीन 10 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही. प्रत्येक ट्रस्टचा 'परिशिष्ट एक'चा उतारा असतो, त्यात मालमत्तेची यादी असते. आमच्या मारुतीचे काय? देवळाची ट्रस्ट म्हणून नोंदच नव्हती. नोंद नाही म्हणजे यादी नाही, यादी नाही म्हणजे परवानगी कोणी मागितली नाही, आणि हिशेब तर कधीच कोणी दिला नाही. मराठवाड्यातल्या लहान देवळांची हीच गत मला जागोजागी दिसली.

इथे आपल्याला एक अडचण आहे, ती लपवून उपयोग नाही. धर्मादाय कायद्यात तक्रार करणारा 'हितसंबंध असलेली व्यक्ती' लागतो. मंदिराच्या बाबतीत म्हणजे जिला तिथल्या उपासनेला हजर राहण्याचा हक्क आहे किंवा जी हजर राहत असते अशी व्यक्ती. आपण बौद्ध. देवळाचा उपासक म्हणून आपण अर्ज करणार नाही, आणि तत्त्व सोडून कोणी करूही नये. म्हणून आमच्या प्रकरणात अर्ज केला तो गावातल्या मातंग समाजाच्या दोन भावांनी आणि एका धनगर म्हाताऱ्याने. ते मारुतीला जातात, त्यांचा हक्क कोणी नाकारू शकत नाही. कसणाऱ्या घराने स्वतःचा कब्जा सांगितला तो महसूल खात्यापुढे. माहिती अधिकारात नकला आम्ही काढल्या, त्याला कोणाचा धर्म विचारला जात नाही. जयंतीच्या वर्गणीवरून ज्यांचे आपसात पटत नाही अशी माणसे या एका कागदामागे एकत्र आली, हे मी पाहिले आहे.

अजून एक. पुजारी म्हणजे ब्राह्मण आणि म्हणून ब्राह्मणांनी जमीन लाटली, असे सोपे समीकरण इथे मांडू नका. आपल्या खेड्यांत मारुती-महादेवाचे पुजारी बहुतेक गुरव, कुठे जंगम, कुठे गोसावी. आमच्या गावातले तिघे नातू पुण्यात कंपनीत कामाला आहेत आणि त्यांच्या हातात या व्यवहारातून जे पडले ते प्लॉटवाल्याच्या नफ्याच्या मानाने चिल्लर आहे. साखळीच्या टोकाला पैसा असलेला माणूस असतो, मध्ये सही करणारा असतो, आणि पुजारी हा फक्त दारावरचा कडीकोयंडा. ब्राह्मणशाही ही जातीपेक्षा रचनेत शोधा, असे बाबासाहेबांनीच शिकवले आहे.

मग सरकारने सगळे ताब्यात घ्यावे काय? तुळजापूरच्या मंदिराचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालतो. तिथल्या दानपेटीच्या लिलावात 1991 ते 2009 या काळात कोट्यवधींचा अपहार झाल्याच्या आरोपाची वर्षानुवर्षे चौकशी होऊन शेवटी 2024 मध्ये औरंगाबाद खंडपीठाला गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत कलेक्टर बसला की चोरी थांबते असे नाही. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त पुरोहिताबद्दल जे सुचवले ते वेगळ्या जातीचे होते. पुरोहितपण वंशपरंपरेने नको, परीक्षा आणि सनद हवी, पुरोहित सरकारी नोकरासारखा शिस्तीखाली असावा, त्यांची संख्या कायद्याने ठरवावी. म्हणजे त्यांचा घाव वारसाहक्कावर होता. खिदमतमाश मदतमाश होते ती याच वारसाहक्काच्या वाटेने, सेवेचा वारसा हळूहळू मालकीचा वारसा होऊन. आणि 1947 च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातपात न बघता गावकऱ्यांना कसायला द्यावी असे मांडले होते. त्या मानाने माझी मागणी फारच लहान आहे. आता देवस्थानच्या जमिनीही वर्ग एक करून मोकळ्या करा, असा रेटा आहे. खिदमतमाश जमीन विकू देऊ नये. प्रत्येक गावच्या देवस्थान जमिनीची यादी मुंतखबासह चावडीवर लागावी. ती जमीन कायद्यात बसेल एवढ्या मुदतीने जाहीर पद्धतीने खंडाने द्यावी, त्यात आधी जो प्रत्यक्ष कसतो त्याला आणि मग गावातल्या भूमिहीनांना हक्क असावा, आणि खंडाचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचला जावा. देवळाला दिवाबत्तीपुरते मिळेल, कसणाऱ्याच्या हातात लेखी करार असेल. मालकी मिळणार नाही, हे मला माहीत आहे. पण हातात एक कागद असलेल्या बटईदाराला उद्यापासून शेतात येऊ नको असे सांगता येत नाही.

आणि दुसऱ्याच्या देवळाचा हिशेब मागताना आपल्या विहाराचाही बघा. आमच्या भागातल्या किती विहारांची ट्रस्ट म्हणून नोंद आहे? जिथे आहे तिथे विश्वस्त वारले, नवे आले, पण चेंज रिपोर्ट दाखल नाही. कागदावर अजून वीस वर्षांपूर्वी गेलेली माणसे विश्वस्त आहेत. विहाराची जागा कुठे ग्रामपंचायतीची, कुठे गायरान, कुठे कोणा दात्याने तोंडी दिलेली. दात्याचा मुलगा उद्या फिरला तर दाखवायला आपल्याकडे काय आहे? मारुतीच्या शेतात जे घडले त्याला धर्म लागत नाही, फक्त नोंद नसलेली जागा लागते.

मारुतीच्या जमिनीचे प्रकरण सध्या असे आहे: फेरफाराविरुद्धचे अपील दाखल आहे, मुंतखबाचे भाषांतर जोडले आहे, देवळाच्या नोंदणीचा अर्ज धर्मादाय कार्यालयात दिला आहे. शेत गेली दोन वर्षे पडीक आहे. ते कुटुंब सध्या ऊसतोडीला जाते. तालुक्यातल्या इतर गावांच्या मुंतखबांच्या नकला काढण्याचे काम आम्ही सुरू केले आहे. ज्यांना अर्ज लिहिता येतो त्यांनी अर्ज लिहावेत, आणि ज्यांच्या घरात उर्दू वाचणारे आजोबा आहेत त्यांनी त्यांना घेऊन यावे. जुने सातबारे, 1954-55 ची खासरा पाहणी आणि मुंतखब, हे तीन कागद एकत्र ठेवून वाचायचे आहेत.

जय भीम.